नऊ महिन्यांची रोजकीर्द

१० मार्च १९५८ रोजी ईडिथ हेल्म नावाच्या, मूळच्या ओक्लाहोमाच्या एका तरुण बाईला पोट उघडून, म्हणजे आज आपल्याकडे ज्याला सर्रास सिझेरियन म्हणतात त्या शस्त्रक्रियेने, मुलगा झाला. एरवी ही बातमी सोयऱ्याधायऱ्यांपलीकडे जाण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या एकाच मूत्रपिंडाने ते नऊ महिने आई आणि गर्भ अशा दोघांच्या रक्तातला मळ उपसला, ते ईडिथचे स्वतःचे नव्हतेच. बावीस महिन्यांपूर्वी, २४ मे १९५६ रोजी, बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरी या शल्यविशारदाने ते तिच्या जुळ्या बहिणीच्या, वँडा फॉस्टरच्या, देहातून आणून तिच्या ओटीपोटात बसविले होते. दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर गर्भ पूर्ण दिवसांपर्यंत वाढवून जिवंत मूल जन्माला घालणारी ही पहिली स्त्री.

हा प्रसंग केवळ शस्त्रक्रियेच्या इतिहासात नोंदवून पुढे जाण्याची वहिवाट आहे. मला तो वेगळ्या कारणाने मोलाचा वाटतो. गर्भारपणात मूत्रपिंड काय करते आणि ते नीट करीत आहे की नाही हे कसे ओळखावे, या प्रश्नाचा माग वैद्यक त्या वेळी शंभराहून अधिक वर्षे काढीत होते, आणि त्या मागाचे अनेक धागे नेमके या दोन बहिणींच्या सुमारास, आणि बरेचसे बॉस्टनच्या आसमंतातच, एकत्र आले. पण त्यासाठी आधी लंडनला, थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील गाय्ज रुग्णालयात, जाणे प्राप्त आहे.

तेथे रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ मध्ये असे दाखवून दिले होते की अंगावर सूज चढलेल्या कित्येक रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, तर अंड्याचा पांढरा बलक उकळताना थिजतो तसा तिच्यात पांढुरका साका धरतो, आणि असा रोगी मेल्यावर त्याची मूत्रपिंडे उघडून पाहिली तर ती बिघडलेली आढळतात. चमचा, मेणबत्ती आणि दोन थेंब लघवी, एवढ्या सामग्रीवर एका आंतरेंद्रियाची जबानी घेता येते हा शोध त्या काळी लहान नव्हता. त्याच रुग्णालयात प्रसूतिविभागात काम करणाऱ्या जॉन लीव्हर यांच्या नजरेत एक साम्य भरले. बाळंतपणाच्या सुमारास ज्या बायांना झटके येत, डोळे फिरत, शुद्ध हरपत असे, त्यांचे चेहरे आणि हात ब्राइटच्या रोग्यांसारखेच सुजलेले दिसत. लीव्हरांनी त्यांची लघवी तापवून पाहिली. १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या टिपणात अशा दहा बायांच्या लघवीचा हिशेब आहे. नऊ जणींच्या लघवीत साका धरला, आणि दहावीच्या झटक्यांचे कारण मेंदूच्या आवरणाची सूज हे निघाले.

येथवर कोणीही चौकस मनुष्य पोहोचला असता. लीव्हरांचे थोरपण पुढच्या पायरीत आहे. झटके न आलेल्या, सुखरूप बाळंत होणाऱ्या पन्नासाहून अधिक बायांची लघवीही त्यांनी कळा चालू असताना नळीने काढून तपासली, आणि झटक्यांची पूर्वचिन्हे असलेल्या मोजक्या जणी वगळता ती निवळ राहते हे पाहिले. शिवाय झटके आलेल्या बायांची लघवी त्यांनी बाळंतपणानंतरही तापवून पाहिली, तो साका काही दिवसांत ओसरताना दिसला. ब्राइटच्या रोग्यांत तो ओसरत नसे. म्हणजे गर्भारपणात लघवीतून प्रथिने जाणे याला दोन निरनिराळी कारणे असू शकतात: एक, मूत्रपिंड आधीपासूनच दुखावलेले असणे, आणि दुसरे, गर्भारपणानेच उपजणारा व वार पडल्यावर मावळणारा असा एक स्वतंत्र विकार. आज त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि एकच मूत्रपिंड असलेली गर्भवती समोर बसली की आजही तज्ज्ञाच्या मनात पहिला प्रश्न लीव्हरांचाच उभा राहतो: हे जुने की नवे?

लीव्हरांना याचे उत्तर मिळे ते बाळंतपण उरकल्यावर, म्हणजे बहुधा फार उशिरा. आधी मिळवायचे तर एकच मार्ग होता, तो म्हणजे गर्भारपणाच्या आरंभीची नोंद दप्तरी असणे. प्रीएक्लॅम्प्सिया विसाव्या आठवड्यापूर्वी सहसा डोके वर काढीत नाही. सबब दहाव्या आठवड्यात लघवीत प्रथिने सापडली तर ती जुन्या दुखण्याची, आणि दहाव्यात नसून तिसाव्यात उगवली तर ती नव्याची, असा सरळ निवाडा करता येतो. ज्या बाईची पहिली तपासणीच सातव्या महिन्यात होते तिच्याबाबत हा निवाडा कोणत्याही यंत्राने होत नाही, आणि दोन्ही दुखण्यांचे उपाय मात्र वेगळे असतात: जुन्या दुखण्यात प्रथिने जात असूनही गर्भ महिनोन् महिने वाढू देता येतो, नव्यात प्रसंगी दोन दिवसांत मूल बाहेर काढावे लागते.

परंतु प्रथिनांचा साका ही गाळणी फाटल्याची खूण झाली. गाळणी किती वेगाने गाळते हे तिच्यावरून कळत नाही. ते कळण्याचे साधन निराळ्याच दिशेने आले. स्नायूंच्या नित्य झिजेतून क्रिएटिनीन नावाचा एक निरुपयोगी पदार्थ दररोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात रक्तात पडतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. क्योनिग्जबर्गच्या माक्स याफे यांनी १८८६ मध्ये पाहिले की क्षारयुक्त पिक्रिक आम्लाशी त्याचा संबंध आला की द्रव नारिंगी होतो, आणि पुढे ऑटो फोलिन यांनी त्या नारिंगी छटेच्या गडदपणावरून त्याचे माप काढण्याची रीत बसविली. हेच फोलिन नंतर बॉस्टनला हार्वर्डमध्ये आले. रक्तात क्रिएटिनीन साचू लागले म्हणजे गाळणी मंदावली, इतका हा सोपा हिशेब आहे. कारकुनाकडे रोज सारखीच टपाले येत असताना मेजावरचा ढीग वाढू लागला, तर कारकुनाचा हात मंदावला असे समजावे, तसे.

आता गंमत अशी की गर्भवतीच्या बाबतीत हा ढीग वाढत नाही, घटतो. ईडिथ बाळंत झाली त्याच १९५८ साली, बॉस्टनपासून फार दूर नसलेल्या व्हरमाँट विद्यापीठातील ईथन सिम्स आणि क्रँट्झ यांनी काही निरोगी बायांना गर्भारपणात पुन्हा पुन्हा बोलावून, आणि बाळंतपणानंतरही गाठून, त्यांच्या मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग मोजला. यासाठी त्यांनी इन्युलिन वापरले. डालियाच्या कंदात सापडणारी ही साखरेच्या कुळातील वस्तू रक्तात सोडली तर मूत्रपिंड ती फक्त गाळते, परत शोषीत नाही की वेगळी झिरपू देत नाही, त्यामुळे तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. त्यांना आढळले ते असे: दिवस गेल्यावर थोड्याच आठवड्यांत गाळण्याचा वेग नेहमीच्या सुमारे दीडपट होतो आणि बहुतेक काळ तसाच राहतो. एकाच बाईला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजण्याची ही पद्धत मला त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटते. निरनिराळ्या बायांचे आकडे एकत्र कालविले असते तर ही चढण इतकी स्वच्छ दिसली नसती.

तर मग एकच मूत्रपिंड असेल तर? वँडासारख्या दात्या स्त्रीचे उरलेले मूत्रपिंड स्वस्थ बसत नाही. काही महिन्यांत ते आकाराने वाढते आणि दोघांच्या मिळून जे काम होते त्याच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत एकटे मजल मारते. एकाने एकाचेच काम केले असते तर ते पन्नास टक्के झाले असते. प्रश्न असा की आधीच वाढीव ओझे पेलणाऱ्या या मूत्रपिंडाला गर्भारपणाची आणखी चढण चढता येते का. आणि ईडिथचे मूत्रपिंड तर आणखी चमत्कारिक अवस्थेत होते: त्याच्या धमन्या आणि शिरा शिवल्या होत्या, मूत्रवाहिनी मूत्राशयात बसविली होती, पण मज्जातंतू तोडलेले ते तोडलेलेच होते. मेंदूकडून त्याला कसलेही फर्मान जाण्याची सोय नव्हती. तरीही पुढे अशा अनेक बायांचे मोजमाप झाले तेव्हा दिसून आले की रोपण केलेले मूत्रपिंडही, सर्वसाधारण मूत्रपिंडाइतके नसले तरी, आपला वेग वाढविते. म्हणजे ‘आता अधिक गाळ’ हा सांगावा मज्जातंतूंतून नव्हे, रक्तातून येतो.

बॉस्टनच्या डॉक्टरांपुढे मात्र १९५७ मध्ये यापेक्षा ढोबळ भीती होती, आणि ती जागेची होती. मूत्रपिंडाची मूळ जागा पाठीशी, बरगड्यांच्या आडोशाला. रोपण केलेले मूत्रपिंड ठेवतात ते ओटीपोटाच्या बाजूच्या खोबणीत, म्हणजे नेमके गर्भाशयाच्या शेजारी. गर्भाशय वाढता वाढता मूत्रवाहिनीवर रेलले तर लघवी कोंडेल, आणि प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके उतरताना मूत्रपिंडच दडपले जाईल, ही शंका वाजवी होती. म्हणून सिझेरियनची तजवीज झाली. पुढील अनुभवाने ही शंका बव्हंशी निराधार ठरली. अशा बाया आज नैसर्गिक मार्गानेही बाळंत होतात आणि सिझेरियन करायचे ते इतर प्रसूतिकारणांसाठी. पण पहिल्याच खेपेला धोका न पत्करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मरी, रीड, हॅरिसन आणि मेरिल यांनी १९६३ साली या अनुभवाचा वृत्तांत छापून काढला.

एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. ईडिथ आणि वँडा एकाच बीजाच्या जुळ्या, त्यामुळे ईडिथच्या शरीराने ते मूत्रपिंड परके मानले नाही व ते नाकारले जाऊ नये म्हणून रोज घ्यावी लागणारी औषधे तिला लागली नाहीत. आज परक्याचे मूत्रपिंड घेऊन आई होणाऱ्या बाईच्या गर्भारपणाचा अर्धा प्रश्न त्या औषधांचा असतो. त्यांतील काही गर्भाला अपाय करतात व दिवस राहण्यापूर्वीच बदलावी लागतात. त्या अर्ध्या प्रश्नाविषयी ईडिथचे बाळंतपण काहीच शिकवीत नाही. एक गोष्ट मात्र योगायोगाने आजच्या शिरस्त्याशी जुळते: शस्त्रक्रिया आणि गर्भधारणा यांत तिच्याकडे वर्षभराचे अंतर पडले होते, आणि निदान एक वर्ष थांबावे असेच आजही सांगतात.

बॉस्टनमध्येच त्या दशकात तिसरे एक काम चालले होते, आणि एकच मूत्रपिंड असलेल्या बाईच्या दृष्टीने ते कदाचित सर्वांत उपयोगाचे. एडवर्ड कॅस यांनी ज्यांना जळजळ नाही, ताप नाही, कसलीच तक्रार नाही अशा बायांची लघवी जंतूंसाठी वाढवून पाहिली, आणि एक मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा अधिक जंतू मिळाले तर ते भांड्यातली घाण नसून खरा संसर्ग समजावा असा दंडक घातला. गर्भारपणात असा मुका संसर्ग तसाच सोडला तर पुष्कळ जणींत तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. कारण वाट मोकळी झालेली असते: गर्भारपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, फुगतात, उजवीकडची डावीपेक्षा जास्त, आणि त्यांत लघवी रेंगाळते. दोन मूत्रपिंडे असलेल्या बाईला हा ताप त्रासदायक. एकच असेल तर तिचा सारा संसार एका खांबावर. म्हणून लघवीचे कल्चर पहिल्या भेटीत आणि मग दर महिन्या-दीड महिन्याने करतात, तक्रार असो वा नसो. हीच फुगलेली मूत्रवाहिनी सोनोग्राफीत दिसली की अहवालात ‘मूत्रपिंडास सूज’ असे शब्द येतात आणि घरात रडारड होते. पण सौम्य फुगवटा गर्भारपणाचा मामूल आहे. कूस दुखणे, लघवी कमी होणे, आणि रक्तातले क्रिएटिनीन चढणे यांची जोड त्याला मिळाली तरच ती खरी अडवणूक.

एवढे सारे हाती घेऊन आता एक बाई डोळ्यांसमोर आणू. ती दाखल्यासाठी घेतलेली आहे, पण अशा बाया आपल्याकडे दुर्मिळ नाहीत. घरात कोणाची मूत्रपिंडे गेली की दाता म्हणून पुढे होणारी व्यक्ती या देशात बहुधा स्त्री असते. समजा, हिने भावाला मूत्रपिंड दिले, त्याला तीन वर्षे झाली, आणि आता तिला मूल हवे आहे. दिवस राहण्यापूर्वीचा तिचा रक्तदाब ११६/७४, क्रिएटिनीन ०.९, लघवीत प्रथिने नाहीत. स्नायूंच्या झिजेतून तिच्या रक्तात दिवसाला अकराशे मिलिग्रॅम क्रिएटिनीन पडते असे धरले, तर ०.९ या पातळीवर तिचे मूत्रपिंड मिनिटाला सुमारे पंच्याऐंशी मिलिलिटर रक्तद्रव स्वच्छ करीत आहे. संगणकातून छापून येणाऱ्या गाळणवेगाच्या तयार सूत्रांवर गर्भारपणात भिस्त ठेवीत नाहीत, कारण ती गर्भवतींवरून बसविलेलीच नाहीत. विश्वास ठेवायचा तो क्रिएटिनीनच्या आकड्यावर आणि त्याच्या चालीवर.

बाराव्या आठवड्यात क्रिएटिनीन ०.७. एकट्या मूत्रपिंडाने चढण चढायला घेतली, हे शुभ. या सुमारास डॉक्टरीण तिला कमी मात्रेतील ॲस्पिरिन रोज रात्री एक गोळी असे सुरू करते, कारण दात्या स्त्रियांत प्रीएक्लॅम्प्सिया किंवा गर्भारपणातला रक्तदाब इतरांपेक्षा अधिक आढळतो. कॅनडातील दात्यांच्या एका अभ्यासात २०१५ साली हे प्रमाण शेकडा अकरा निघाले, आणि तितक्याच निरोगी पण मूत्रपिंड न दिलेल्या बायांत शेकडा पाच. चोविसाव्या आठवड्यात क्रिएटिनीन ०.६५, म्हणजे वेग मिनिटाला एकशे सतराच्या घरात. अठ्ठाविसाव्यातही तेच. लघवीतील प्रथिनांचे क्रिएटिनीनशी प्रमाण ०.१५, ०.३ च्या खाली असेपर्यंत चिंता नाही. पूर्वी यासाठी चोवीस तासांची सगळी लघवी कॅनमध्ये साठवून न्यावी लागे, आणि त्यात पहाटेची एक खेप न्हाणीघरात गेली की सगळा हिशेब चुके. आता सकाळच्या एकाच नमुन्यावर भागते.

चौतिसाव्या आठवड्यात ती सांगते की अंगठी निघत नाही. अंगठी तर पुष्कळ जणींची निघत नाही. रक्तदाब १३४/८६, पुस्तकाप्रमाणे अजून मर्यादेच्या आत, पण तिच्या स्वतःच्या मागच्या नोंदींहून वर. क्रिएटिनीन ०.७५. डॉक्टरीण पुढची तारीख पंधरा दिवसांऐवजी पाच दिवसांवर आणते. पाच दिवसांनी रक्तदाब १४६/९४, चार तासांनी पुन्हा घेतला तरी तसाच, प्रथिनांचे प्रमाण ०.६, आणि क्रिएटिनीन ०.९.

प्रयोगशाळेच्या कागदावर या शेवटच्या आकड्यापुढे फुली नाही, ठळक अक्षर नाही. शेजारच्या रकान्यात स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ अशी मर्यादा छापलेली आहे आणि ०.९ तिच्यात आरामात बसते. बाईचा नवरा तो कागद खालीवर करून म्हणतो, “डॉक्टर, किडनी तर नॉर्मल आहे.” आणि छापील रकान्याच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खोटे नाही. पण तो रकाना गर्भवतीसाठी नाही. दोन मूत्रपिंडांच्या गर्भवतीचा आकडा साधारण ०.५ च्या आसपास असायला हवा, आणि ०.९ दिसला तर कान टवकारावेत. हिच्या बाबतीत तर सहा आठवड्यांपूर्वीच्या ०.६५ वरून तो येथे आला, म्हणजे एकशे सतरा मिलिलिटरचा वेग पंच्याऐंशीवर उतरला, चारांतल्या एका भागाहून जास्त काम थांबले. जुने की नवे, हा लीव्हरांचा प्रश्न येथे मात्र अडत नाही, कारण दिवस राहण्यापूर्वीची नोंद निर्मळ आहे; हे नवे आहे.

तिला दाखल करून घेतात. रक्तदाबासाठी गर्भारपणात चालणारे लॅबेटॅलॉल, रोज बाळाच्या ठोक्यांची तपासणी, दर दोन दिवसांनी क्रिएटिनीन, यकृताचे विकर आणि रक्तबिंबिका. डोकेदुखी आहे का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, बरगडीखाली दुखते का, हे परिचारिका प्रत्येक पाळीला विचारतात; क्रिएटिनीन आणखी चढले किंवा यांतील एकाचे उत्तर ‘हो’ आले तर थांबायचे नाही, असे ठरलेले आहे. आकडे स्थिर राहतात, आणि सदतिसावा आठवडा पुरा होताच कळा आणून तिला बाळंत करतात. आणखी थांबून बाळाला फारसे मिळायचे नव्हते आणि आईचे जाण्याजोगे होते. तिसऱ्या दिवशी रक्तदाब पुन्हा उसळतो, जसा तो बाळंतपणानंतर काही दिवस उसळतो, म्हणून तिला घरी सोडण्याची घाई कोणी करीत नाही.

ईडिथ हेल्म २०११ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी वारली. बहिणीचे मूत्रपिंड तिच्या देहात जवळजवळ पंचावन्न वर्षे होते. आपल्या दाखल्यातली बाई बाळंतपणानंतर बाराव्या आठवड्यात, मूल कडेवर घेऊन, तपासणीला येते. रक्तदाब गोळीवाचून १२०/७६. लघवीतले प्रथिन ओसरले आहे, लीव्हरांच्या बायांचे ओसरे तसे. क्रिएटिनीन ०.९. फाइलमध्ये हा आकडा आता तीनदा आहे: एकदा दिवस राहण्यापूर्वीचा, एकदा चौतिसाव्या आठवड्यानंतरचा, आणि एकदा आजचा. पहिल्या आणि तिसऱ्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी काहीच लिहिलेले नाही. मधल्यावर लाल शाईने एक गोल काढलेला आहे.